गल्ल्यातले पैसे कुणाचे?

बार्शी तालुक्यातल्या एका गावात आमच्या अण्णांचं किराणा दुकान आहे. कुणाची किती उधारी, हे त्यांना वही न उघडता सांगता येतं. पण महिन्याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नव्हता. विक्री चांगली होती, तरी ठोक व्यापाऱ्याचं देणं वाढत चाललं होतं. २०२३ मध्ये माझी बी. कॉम.ची परीक्षा संपली आणि मी अण्णांना म्हटलं, ‘‘जून महिन्याचं सगळं मला लिहू द्या.’’

३१ मेच्या रात्री दुकान बंद झाल्यावर आम्ही मालाची मोजदाद केली. पोती, डबे, बरण्या, सगळं खरेदीच्या भावानं धरलं. उघड्या पोत्यातली डाळ अण्णा नजरेनं सांगायचे आणि मी लिहायचे. माल भरला २,४०,००० रुपयांचा. जूनभर रोजची विक्री, उधारी, खरेदी आणि गल्ल्यातून घरासाठी निघणारा प्रत्येक रुपया मी टिपला. आई दुकानातून साखर-साबण न्यायची, तेही घरखर्चात लिहिलं. ते सोडलं असतं तर विकून मिळालेला नफा उगाच कमी दिसला असता.

३० जूनला पुन्हा मोजदाद केली. माल होता २,४५,००० रुपयांचा आणि महिन्याची खरेदी होती २,७५,०००. म्हणजे विकलेला माल आम्हाला २,७०,००० ला पडला होता. विक्री ३,००,००० ची. नफा ३०,०००. तेल-साखरेत फार सुटत नाही, सुट्या मसाल्यात बरं सुटतं. सरासरी शंभराला दहा रुपये.

‘‘अण्णा, गल्ल्यात शंभर आले की त्यातले नव्वद व्यापाऱ्याचे. आपले फक्त दहा,’’ मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. ‘‘ते ठाऊक आहे. मग देणं का वाढतं ते सांग.’’

कामाचा मुलगा, वीजबिल, टेम्पो आणि हमाली मिळून १२,००० गेले होते. उरले १८,०००. घरासाठी आम्ही उचलले होते २१,०००, म्हणजे ३,००० जास्त. माल ५,००० नं वाढला होता, कारण योजना आहे म्हणून साबणाची जादा खोकी घेतली होती. आणि नवी उधारी, जुनी वसुली वजा जाता, ९,००० नं वाढली होती. तीन, पाच आणि नऊ, एकूण सतरा हजार. अण्णांनी व्यापाऱ्याचं खातं काढलं. त्या महिन्यात बाकी बरोबर १७,००० नं वाढली होती. वाढलेलं देणं कुठे अडकलं, ते समोर होतं: थोडं घरात, थोडं फळीवर आणि सगळ्यात जास्त उधारीच्या वहीत.

मग पुढच्या महिन्याचं अंदाजपत्रक बसवलं. घरासाठी १५,०००, तेही पंधरवड्याला निम्मे-निम्मे. मधे गल्ल्याला हात लावायचा नाही. राहिलेले ३,००० जुन्या देण्यात. खरेदी विकलेल्या मालाच्या किमतीइतकीच, आणि ती आठवड्यांत वाटलेली.

उधारीवर मात्र अण्णा अडले. ‘‘सोयाबीन निघाल्याशिवाय लोक पैसे आणणार कुठून? आता नाही म्हटलं तर दिवाळीचं गिऱ्हाईकही जाईल.’’ त्यांचं म्हणणं खरं होतं. म्हणून उधारी बंद न करता तिला महिन्याची मर्यादा घातली: वसुली वजा जाता ४,०००. तेवढे पैसे अडकणार हे धरून खरेदी तितकीच कमी केली, म्हणजे देणं वाढणार नाही.

सणांचा अंदाज मी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यावरून बांधायला घेतला, तेव्हा अण्णांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. ‘‘यंदा अधिक श्रावण आहे. गणपती १९ सप्टेंबरला बसतात. गेल्या वर्षी ३१ ऑगस्टला होते. दिवाळीही नोव्हेंबरात गेली.’’ ऑगस्टात रवा-गूळ भरून ठेवला असता तर पैसे आधीच गुंतले असते आणि रव्याला कीड लागण्याची भीती वेगळीच. त्यांनी खरेदीचे आठवडे तिथीप्रमाणे मांडले आणि मी त्यांच्यासमोर रकमा लिहिल्या.

वही आता अण्णाच भरतात. महिनाअखेरीला ते आधी व्यापाऱ्याची बाकी पाहतात. ती वाढली असेल तर घर, माल आणि उधारी या तीनच ठिकाणी कारण शोधतात. सोयाबीनचे पैसे आले तेव्हा जी वसुली झाली, तिच्यातून त्यांनी आधी व्यापाऱ्याचं खातं कमी केलं आणि मगच दिवाळीचा माल भरला.