हाडाचं बोला!

रविवारी सकाळी साडेसात वाजता पुण्यातला तरुण नोकरदार कुठे असतो? अर्थातच पांघरुणात. मी मात्र कॅम्पात शिवाजी मार्केटच्या दारात उभा होतो. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल. आणि मोबाईलच्या पलीकडे आप्पा.

आप्पा म्हणजे माझे वडील. अस्सल कोल्हापूरकर. आयुष्यभर दर रविवारी मटण त्यांनीच आणलं, स्वतः उभं राहून कापून घेतलं. सध्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्या फ्लॅटवर मुक्कामाला आहेत. जिना उतरायला बंदी. त्यामुळे बाजारात जायचं काम माझ्याकडे, आणि बाजार बघायचं त्यांच्याकडे. मी फोटो पाठवायचे, त्यांनी फोनवर बोटांनी मोठे करून बघायचे. व्हिडिओ कॉल त्यांना चालत नाही. म्हणतात, ‘ते हलतंय. फोटो कसा, गप बसतो.’

हे सगळं सुरू झालं एका फजितीतून. तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसातले पाच जण जेवायला येणार होते. म्हटलं, नेहमीचा रस्सा नको, झकास रोस्ट करू. घराजवळच्या दुकानात गेलो आणि ऐटीत सांगितलं, ‘मामा, रोस्टसाठी एक मोठा पीस द्या.’ सव्वा किलोचा तुकडा मिळाला. ट्रेमध्ये ठेवून छान फोटो काढला. मग मसाला लावून झाकण न घालता ओव्हनमध्ये ठेवला. पाऊण तासाने वरून सुंदर रंग आलेला. आतून? चपलेचा तळवा! पाहुण्यांनी रस्सा आहे का म्हणून विचारलं. नव्हता. पिझ्झा मागवला.

रात्री त्याच तिरीमिरीत मी त्या दुकानाला ॲपवर एक स्टार ठोकला. ‘रान म्हणून म्हातारं जनावर गळ्यात मारलं’ असं लिहिलं, पुरावा म्हणून फोटोही टाकला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी तो फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, ‘रान कुठाय ह्यात?’

‘अहो आप्पा, हाड बघा की. गोल आहे, मधे नळी आहे. म्हणजे मांडीच ना?’

‘गोल हाड पुढच्या पायालाही असतंय, लेका.’

मंडळी, इथे माझी शिकवणी सुरू झाली.

हाड हा मटण ओळखायचा पहिला धागा. बोकडाच्या मागच्या मांडीत एकच जाड नळीचं हाड असतं. आडवं कापलं की बांगडीसारखं गोल दिसतं, आत मगज. पण पुढच्या पायाचा वरचा भाग आडवा कापला तरी अगदी तशीच बांगडी दिसते. माझ्यासारखे नवशिके फसतात ते इथेच. त्याच पायात थोडं वर, खांद्यात कापलं असतं, तर फसायचा प्रश्नच नव्हता. खांद्याचं हाड पसरट, पंख्यासारखं, आणि त्याच्या पाठीवर एक उभी कड. कापल्यावर ते इंग्रजी सातच्या आकड्यासारखं दिसतं. हा सात दिसला की डोळे झाकून सांगावं, खांदा! पण माझ्या फोटोत सात नव्हता, बांगडी होती. मग आता?

‘हाड सोड. हाडाभोवतीचं मांस मोज,’ आप्पा म्हणाले.

मोज म्हणजे वजन नव्हे. कापलेल्या बाजूकडे बघितलं की मांसाचे वेगवेगळे गठ्ठे दिसतात, मधे पांढऱ्या पडद्यांच्या रेघा असतात. मांडीत हे गठ्ठे मोठे आणि मोजकेच, तीन-चार. कारण मागचा पाय मुख्यतः पुढे-मागे हलतो, त्याला दणकट, लांब स्नायू लागतात. खांद्याचं तसं नाही. पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नसतो, तो नुसत्या स्नायूंनी बांधलेला असतो. त्यामुळे तिथे लहान लहान गठ्ठ्यांची गर्दी होते. मी फोटो मोठा करून मोजले. सात भरले, आठवा अर्धवट.

पुढचा धागा रेषांचा. मांस म्हणजे बारीक धाग्यांच्या जुड्या. आप्पांनी कोपऱ्यातला खराटा दाखवला. टोकाकडून बघितला तर नुसते ठिपके, आडवा धरला तर लांब रेघा. मांसाचंही तेच. मांडीतले धागे बहुतेक हाडाच्या दिशेनेच धावतात, म्हणून आडव्या कापात सगळीकडे ठिपकेच ठिपके दिसतात. माझ्या फोटोत एका गठ्ठ्यात ठिपके होते, शेजारच्यात रेघा, तिसऱ्यात तिरप्या रेघा. प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. खांद्याची ही दुसरी खूण.

तिसरा धागा चरबीचा. मांडीला असली तर बाहेरून पातळ चरबी, आत फारशी नाही. माझ्या तुकड्यात मात्र गठ्ठ्यागठ्ठ्यांच्या फटीत चरबी आणि पडदे शिरलेले होते. म्हणजे बांगडी एकीकडे आणि बाकीचे तीन साक्षीदार दुसरीकडे. निकाल लागला: पुढचा पाय, खांद्याच्या खालचा भाग.

‘म्हणजे फसवलंच ना त्याने?’ मी उसळलो.

‘तू रान मागितलंस का?’

नव्हतं मागितलं. ‘मोठा पीस’ एवढंच म्हणालो होतो. आपल्याकडे बहुतेक दुकानांत मटणाला एकच भाव असतो, मांडी काय नि मान काय. त्यामुळे पुढचा पाय देऊन त्याने पैसे जास्त घेतले असं काही नव्हतं.

‘आणि म्हातारं म्हणून लिहिलंस ते कशावरून? हाडाचं टोक बघ.’ टोकाला पांढरी, चकचकीत कुर्ची होती. कापलेलं हाड आतून लालसर, स्पंजासारखं. म्हाताऱ्या जनावराचं हाड पांढरं, टणक दिसतं आणि अशी कुर्ची फारशी उरत नाही. बोकड कोवळंच होतं. चुकलं होतं ते शिजवणं. इतके पडदे असलेलं मांस मऊ व्हायला ओलावा, मंद आच आणि वेळ लागतो. तेव्हा कुठे ते पडदे विरघळून रस्सा चिकट, दाट होतो. कोरड्या ओव्हनमध्ये पाऊण तासात ते नुसते आखडतात. मामांनी कदाचित माझ्या भल्यासाठीच दिलं होतं, मी रोस्ट कसं करणार हे त्यांना काय माहीत!

त्या रात्री तो एक स्टार काढून टाकला. पण नुसता काढून भागत नाही. अख्खा दिवस एका माणसाच्या दुकानावर खोटा आरोप लटकत होता, तोही माझ्याच फोटोसकट. दुकानात जाऊन सांगितलं. मामा सुरा न थांबवता म्हणाले, ‘पुढच्या वेळेला काय करणार ते सांगा, मग देतो.’ माझ्या कानात मात्र बराच वेळ तेच वाजत होतं.

तर असा मी शिवाजी मार्केटमध्ये. ब्रिटिशांच्या काळातली ही दगडी मंडई, जुनं नाव कॅनॉट मार्केट. मार्च २०२१ मध्ये इथे आग लागून बरेच गाळे जळाले होते. आज सकाळी मात्र ओंडक्यावर सुऱ्याचे ठोके, पाण्याचे फवारे आणि गिऱ्हाइकांची घाई. आप्पांची परीक्षा: तीन फोटो काढ, आधी तूच सांग, मग मी सांगेन.

पहिला फोटो सोपा. हाडाच्या मधोमध भोक, भोवती हाडाची वेडीवाकडी टोकं, चहूबाजूंनी मांस. मणक्याचं भोक, म्हणजे मान. दुसऱ्यात बाकदार बरगडी आणि तिच्या टोकाला मांसाचा एकच गोल डोळा. चाप! आप्पांनी अंगठा पाठवला.

तिसऱ्यात दोन अख्खी धडं टांगलेली. एकाच्या पाठीवर पांढऱ्या चरबीची जाड साय, मांड्या गुबगुबीत. दुसऱ्याची पाठ उघडी, लालसर, मांड्या लांबट, चरबी सगळी आत गुर्द्याभोवती. मी लिहिलं, पहिली मेंढी, दुसरा बोकड. फोन वाजला. ‘बरोबर. पण कशावरून?’ चरबीवरून, म्हटलं. ‘चरबीवर एकट्या भरवसा नको. चांगला पोसलेला बोकडही चरबी धरतो आणि रोडावलेली मेंढी उघडी दिसते. शेपूट ठेवलीय का बघ.’ बोकडाची शेपूट आखूड, वर वळलेली. होती. पुणेकरांना मेंढीचं नवल नाही म्हणा. बोल्हाईचे भक्त बोकड खात नाहीत, त्यांच्यासाठी ‘बोल्हाईचे मटण’ अशा पाट्या लावून मेंढीचंच मटण विकलं जातं. तिथे लपवाछपवी नाही, पाटीच बोलते.

फोटोला काय कळत नाही तेही सांगतो. वास कळत नाही, बोटाने दाबल्यावर मांस वर येतं का ते कळत नाही, म्हणजे ताजेपणा फोटोवरून ठरवू नये. लाल दिव्याखाली सगळंच मटण ताजंतवानं दिसतं. रश्श्याचे बारीक तुकडे केले की गठ्ठे मोजता येत नाहीत. खिम्याचं तर विचारूच नका. म्हणून फोटो तुकडे करायच्या आधी काढायचा, कापलेली बाजू कॅमेऱ्याकडे, उजेडात, फ्लॅश बंद. फ्लॅशने चरबी आणि पडदा दोन्ही सारखेच चकाकतात.

शेवटी मी काय घेतलं? मुद्दाम खांदाच. हाडात तो इंग्रजी सात स्वतः बघून घेतला. घरी जाड बुडाच्या पातेल्यात, वर झाकणात पाणी ठेवून, मंद आचेवर दोन तास. हाड हातात धरलं आणि मांस आपोआप सुटलं.

ऑफिसातल्या त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलंय. या वेळी पिझ्झाचा नंबर आप्पांनी लपवून ठेवलाय.