चौदाच का?

चौदा ह्या संख्येशी आपले नाते जुने आहे. विद्या चौदा, समुद्रमंथनातून निघालेली रत्ने चौदा, भुवनेही चौदाच. ह्यांपैकी कोणत्याही चौदांविषयी ‘पंधरा का नाहीत?’ असे आपण सहसा विचारीत नाही. परंपरेने सांगितले आणि आपण मानले. मात्र मला एक चौदा असे ठाऊक आहेत की, ज्यांना हा प्रश्न खुशाल विचारावा आणि ज्यांच्याकडून त्याचे चोख उत्तर मिळवावे. ते म्हणजे स्फटिकांची चौदा जालके.

ह्या चौदांतही एकदा एक पंधरावे शिरले होते. ब्रेस्लाउचे फ्रांकनहाइम ह्यांनी 1842 साली जालकांची मोजदाद करून संख्या पंधरा सांगितली. पुढे 1848 मध्ये ओग्यूस्त ब्राव्हे ह्या फ्रेंच पंडिताने दाखवून दिले की, त्या पंधरांतील दोन जालके वस्तुतः एकच आहेत. तेव्हापासून ही जालके ब्राव्हेच्या नावाने ओळखली जातात.

जालक म्हणजे अवकाशात सर्व दिशांना पसरलेली बिंदूंची अशी मांडणी की, कोणत्याही बिंदूवर उभे राहून पाहिले तरी भोवतालचे दृश्य तंतोतंत तेच दिसावे. ह्या मांडणीतून एक डबी कापून घ्यावी आणि तीच शेजारी शेजारी रचीत जावे, म्हणजे सारे जालक उभे राहते. ह्या डबीस एकक कोशिका म्हणतात. बिंदू केवळ तिच्या कोपऱ्यांवर असतील तर ती साधी कोशिका. मध्यभागी किंवा पृष्ठांच्या मध्यावरही असतील तर ती केंद्रित कोशिका.

माझी पुतणी हा विषय कॉलेजात शिकत असता एके दिवशी जरा रागानेच म्हणाली, “काका, कोणत्याही जालकातून साधी कोशिका कापता येतेच. मग ह्या केंद्रित कोशिका हव्यात कशाला? आणि त्या घ्यायच्याच, तर चौदांवर थांबायचे का? मला तर ही सारी पुस्तकवाल्यांची सोय वाटते.” शंका रास्त होती. चौदा ही संख्या निसर्गाची की आपल्या पसंतीची, हाच तिच्या प्रश्नाचा गाभा होता.

पहिला भाग आधी घेऊ. समजा, एखाद्या घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहाही पृष्ठांच्या मध्यावर बिंदू आहेत. तांब्याचे जालक असे आहे. एका कोपऱ्यापासून जवळच्या तीन पृष्ठमध्यांपर्यंत रेषा काढल्या की साधी कोशिका मिळते. तिचे आकारमान घनाच्या चतुर्थांश भरते, पण ती तिरपी असते. तिच्या कडांमधील कोन 60 अंशांचे. ह्या तिरप्या डबीकडे पाहून कोणास कळावे की, हे जालक पाव वळसा दिला असता जसेच्या तसे राहते? ती सममिती जालकात आहेच. परंतु डबीच्या आकारात ती दिसत नाही, घनात मात्र दिसते. तेव्हा जालकाची संपूर्ण सममिती जिच्या आकारात उतरते अशी लहानात लहान कोशिका घ्यावी, हा नियम. तो पाळताना कोशिका मोठी झाली तर तिच्या पोटात जादा बिंदू येणारच. केंद्रित कोशिकेचे समर्थन एवढेच आहे.

आता चौदांचा हिशेब. सममितीप्रमाणे कोशिकांच्या आकारांचे सात वर्ग पडतात. प्रश्न असा की, त्यांत जादा बिंदू कोठे कोठे बसू शकतील? वाटेल तेथे नव्हे. एका जालकबिंदूतून जाणारा, अर्ध्या वळशाची सममिती असलेला उभा अक्ष घ्या. त्या बिंदूपासून दुसऱ्या एखाद्या बिंदूकडे जाणारी चाल अर्धा वळसा फिरवली की तीही जालकातलीच चाल ठरते. दोन्ही चाली एकीपुढे एक चालून गेल्यास आडवे अंतर फिटते आणि मूळ उंचीच्या दुप्पट, सरळ वर पोहोचतो. ही दुप्पट उंची उभ्या कडेच्या पूर्ण पटीतच असली पाहिजे. म्हणजे जादा बिंदूची उंची शून्य किंवा अर्धी. तिसरी गोष्ट संभवत नाही.

तिन्ही कडा असमान परंतु परस्परांशी काटकोनात असतील, तर हाच न्याय तिन्ही दिशांना लागतो. कडेच्या मध्यावर बिंदू असेल तर ती कडाच निम्मी धरावी लागेल. तेव्हा उरतात फक्त पृष्ठांचे मध्य आणि पोटाचा मध्य. त्यांतही मनमानी नाही. दोन जोड्यांच्या पृष्ठांवर बिंदू ठेवले की त्यांच्या चालींची वजाबाकी आपोआप तिसऱ्या जोडीवर बिंदू आणून ठेवते. पोटात आणि एका पृष्ठावर एकदम ठेवले तर वजाबाकी कडेच्या मध्यावर येते, म्हणून तेही बाद. राहिले चार प्रकार : साधा, एका जोडीच्या पृष्ठांचा, पोटाचा आणि सर्व पृष्ठांचा. ह्या वर्गात हे चारही स्वतंत्र आहेत.

बैठक चौरस आणि उंची निराळी असली की चारांचे दोन होतात. नारळीच्या बागेत चौरसाच्या चार कोपऱ्यांवर व मध्यावर झाडे असली, तर 45 अंशांत वळून पाहणाऱ्यास ती लहान चौरसांत लावलेली साधी बागच दिसते. त्याचप्रमाणे बैठकीच्या मध्यावर बिंदू असलेली कोशिका ही लहान साधी कोशिकाच ठरते, आणि सर्व पृष्ठांवर बिंदू असलेली ही पोटात बिंदू असलेलीच ठरते. इंडियम धातूचे उदाहरण पाहा. त्याच्या कोशिकेची बैठक 3.25 आंगस्ट्रॉम, उंची 4.95, आणि एक बिंदू पोटात. तिरपे वळून मोठा चौरस घेतला तर बैठक 4.60 होते आणि सर्व पृष्ठांवर बिंदू दिसतात. म्हणजे इंडियम हा तांब्याचाच घन, सुमारे साडेसात टक्के उंच ताणलेला! दोन्ही वर्णने खरी. जालक मात्र एक. म्हणून मोजताना ते एकदाच मोजावयाचे.

मग घनालाही हीच युक्ती का लावू नये? लावल्यास बैठकीहून 1.414 पट उंच अशी डबी मिळते; ती घन नव्हे, आणि घनाच्या कर्णांभोवतीची तिहेरी सममिती तिच्या आकारात उरत नाही. शिवाय पोटात बिंदू असलेल्या घनात प्रत्येक बिंदूला निकटचे शेजारी आठ, तर पृष्ठांवर बिंदू असलेल्या घनात बारा. शेजारी मोजले की वाद मिटला. एकाच जोडीच्या पृष्ठांवर बिंदू ठेवला तर तिहेरी सममिती मोडते. तेव्हा घनाचे प्रकार तीन.

एकाच कडेला कलता कोन असलेल्या वर्गात कलती कडा निराळी निवडून पोटाचा बिंदू पृष्ठावर आणता येतो; म्हणून तेथे दोन. सारेच तिरपे असेल तेथे आकारात राखावयाची विशेष सममितीच नाही. म्हणून साधा एक. षट्कोनी वर्गाचा एक. तिहेरी अक्षाजवळ वरच्याच न्यायाने अर्ध्याऐवजी तृतीयांश उंचीचे बिंदू येतात, त्यांचा समभुज तिरपा असा एक. एक, दोन, चार, दोन, तीन, एक, एक : बेरीज चौदा.

मात्र एक सावधगिरी हवी. सीझियम क्लोराइडच्या घनाच्या पोटात अणू दिसतो. तरी ते जालक साधेच, कारण कोपऱ्यावर क्लोरीन आणि पोटात सीझियम, म्हणजे दोन्ही ठिकाणांहून दिसणारे दृश्य एक नाही. क्ष-किरणांच्या चित्रात हा भेद उमटतो. पोटात खरोखर जालकबिंदू असेल तर ज्यांच्या तीन निर्देशांकांची बेरीज विषम येते ते ठिपके साफ गैरहजर असतात. सीझियम क्लोराइडमध्ये ते क्षीण का होईना, हजर असतात.

पुतणीला मी म्हणालो, तुझी निम्मी शंका खरी. कोणती डबी कापावी ही आपली सोय. इंडियमची डबी दोघांनी दोन तऱ्हांनी कापली म्हणून त्या धातूचे काही बिघडत नाही. पण कशाही कापल्या तरी सममितीने परस्परांहून भिन्न अशी जालके चौदाच निघतात. तिने कागद ओढून घेतला आणि म्हणाली, “थांबा काका, ती वजाबाकी मी स्वतः करून पाहते.” ह्याहून चांगले उत्तर मला नको होते.