रविवारचा वर्ग आणि तीन देशांची घड्याळं

सावंतवाडीत राहून मी दर रविवारी मुलांना मराठी शिकवते. लेकीची मुलं न्यू जर्सीत, मुलाची लंडनमध्ये, आणि त्यांच्यासोबत त्यांचे काही मित्रमैत्रिणी. वर्गाची वेळ लेकीने तिच्याकडचे सकाळचे दहा अशी ठरवली होती. हिवाळ्यात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे तीन आणि आमच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असत.

९ मार्च २०२५ च्या पहाटे अमेरिकेची घड्याळं एक तास पुढे गेली. लेकीचे दहा आता आमच्या साडेसातला वाजणार होते. तिने मला आदल्या दिवशी फोन करून ते सांगितलं, म्हणून मी देवापाशी दिवा लावून लगेच वर्गाला बसले. न्यू जर्सीची मुलं हजर होती, पण लंडनचं एकही नव्हतं. ती आली तेव्हा आमचा तासाभराचा वर्ग संपून सगळे उठत होते. "आजी, तीनच तर वाजलेत!" नातू रडवेला होऊन म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. त्याच्या घरातलं घड्याळ कुणी हलवलंच नव्हतं, आणि तरीही त्याचा वर्ग तीनवरून दोनवर आला होता.

असं का झालं, हे मी नीट समजून घेतलं. ब्रिटन आणि युरोपीय संघातले देश मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. अमेरिकाही पूर्वी एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जात असे. म्हणजे शरद ऋतूतला बदल दोघांचा एकाच दिवशी व्हायचा. २००५ मध्ये अमेरिकेने ऊर्जाबचतीसाठी कायदा केला. संध्याकाळी उजेड जास्त वेळ राहिला तर दिवे कमी लागतील, हा त्यामागचा विचार. आधीच्या प्रस्तावात हा काळ दोन महिन्यांनी वाढवायचा होता. युरोपच्या वेळांशी आपल्या उड्डाणांचा मेळ बसणार नाही, अशी हरकत विमान कंपन्यांनी घेतली, आणि वाढ साधारण महिन्याभरावर आली. २००७ पासून अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. युरोपने आपल्या तारखा बदलल्या नाहीत.

म्हणून मार्चमध्ये दोन किंवा तीन आठवडे आणि शरदात नेमका एक आठवडा लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातलं अंतर पाचऐवजी चार तासांचं होतं. २०२५ मध्ये लंडनची घड्याळं ३० मार्चला हलली, म्हणजे ९, १६ आणि २३ मार्च हे तीन रविवार मधल्या काळात सापडले.

आपल्याकडे असा बदल का नाही, याचं उत्तर सावंतवाडीच्या जागेतच आहे. इथला सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत दोन तासांचाही फरक पडत नाही. लंडनमध्ये उन्हाळ्यातला दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो, तर हिवाळ्यातला आठ तासांच्याही आत येतो. पहाटेचा वाया जाणारा उजेड संध्याकाळी सरकवावा असं त्यांना वाटतं. आपल्याकडे सरकवण्याइतका उजेड उरतच नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, भारताचीही घड्याळं एक तास पुढे होती, पण युद्ध संपल्यावर ती पूर्ववत झाली.

न हलणारं हेच घड्याळ मग आम्ही आधाराला घेतलं. वर्ग आता कायम आमच्या रात्री आठला असतो. लेकीकडे तेव्हा हिवाळ्यात साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेदहा वाजतात; लंडनला अडीच आणि साडेतीन. वेळ दोन्ही घरांत अजूनही बदलते, पण ज्या रविवारी त्या घराचं स्वतःचं घड्याळ बदलतं त्याच रविवारी. न्यू जर्सीच्या बदलाचा धक्का लंडनच्या मुलांना बसत नाही. फोनमधल्या कॅलेंडरातलं निमंत्रणही मीच इथून पाठवते आणि त्यात वेळेचा पट्टा Asia/Kolkata निवडते. मग प्रत्येकाच्या फोनवर त्याची स्थानिक वेळ आपोआप दिसते. निमंत्रणात America/New_York असेल तर फोनवर वेळ बरोबरच दिसते, पण मधल्या आठवड्यांत लंडनचा वर्ग पुन्हा तासभर सरकतो, आणि ज्यांनी तीनचा गजर लावून ठेवलेला असतो ते चुकतात.

२६ ऑक्टोबर २०२५ ला लंडन मागे गेलं, अमेरिका अजून तिथेच होती. त्या रात्री आठला मी वर्ग उघडला तेव्हा लंडनची मुलं अडीचच्या हिशेबाने आणि न्यू जर्सीची साडेदहाच्या हिशेबाने आली होती. कुणालाही आदल्या दिवशी फोन करावा लागला नव्हता.