काखमांजर आणि वहीतल्या अकरा नोंदी



आजचा विषय जरा अवघड जागेचा आहे. सुनेला विचारूनच लिहिते आहे, आणि पाठवण्याआधी तिनं वाचलंही आहे. "आई, माझं नाव सोडून सगळं लिहा," एवढीच तिची अट.

आपल्या मराठीत अंगावरच्या फोडांना किती नावं आहेत बघा. केसाच्या मुळाशी उठतं ते केस्तूड. मोठं, पू धरणारं ते गळू. काखेत उठलं की काखमांजर. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, ते अवधाण. माझ्या सासूबाईंना ही सगळी नावं आणि प्रत्येकाचा उपाय पाठ होता. पण तेच काखमांजर त्याच काखेत पुन्हा पुन्हा येत राहिलं तर त्याला काय म्हणायचं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुतेक त्यांनाही कुणी सांगितलं नसावं.

सून लग्न होऊन घरात आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. पहिली दोन वर्षं मला काही कळलं नाही. फक्त तिचे ब्लाउज ती कधी धुण्यात टाकत नसे, स्वतः धुऊन आतल्या खोलीत वाळवायची. अष्टमी-चतुर्दशीला मंदिरात आली तरी अभिषेकाला पुढे व्हायची नाही, दर्शन घेऊन मागे बसायची. मला वाटलं, आजकालच्या मुली, आवड नसेल. एकदा तिच्या ब्लाउजला काखेत पिवळट डाग दिसला आणि मी चक्क म्हणाले, "नीट साबण लावून अंघोळ करत जा गं." ते वाक्य मला अजून टोचतं.

एका उन्हाळ्यात, ऐन मे महिन्यात, तिला हातच खाली करता येईना. उजव्या हाताने पोळ्या लाटायची आणि डावा हात अंगापासून लांब धरून उभी राहायची. तेव्हा मी दार लावून घेतलं आणि दाखवायला लावलं. डाव्या काखेत लिंबाएवढी लालभडक गाठ, शेजारी जुन्या जखमांचे दोरीसारखे वळ, आणि एक बारीक भोक, त्यातून थेंब थेंब येत होतं. कॉलेजला असल्यापासून हे चालू होतं. लग्नाआधी तिच्या आईनं बजावलं होतं, सासरी कुणाला सांगू नकोस, संसर्गजन्य रोग म्हणतील.

आधी आम्ही घरचंच केलं. आंबेहळदीचा लेप, गव्हाच्या पिठाचं गरम पोटीस. शेजारच्या काकूंनी भाजलेला कांदा बांधायला सांगितला. आमच्या घरात कांदा येत नाही, म्हणून त्यांनीच त्यांच्या चुलीवर भाजून वाटीत झाकून आणून दिला! गाठ फुटली, सुनेला बरं वाटलं, आणि पाच आठवड्यांनी तिथंच पुन्हा आली. मग एका दवाखान्यात चिरा देऊन पू काढला, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तिथले डॉक्टर म्हणाले, "स्वच्छता ठेवा, गोड कमी खा." साखर तपासली, ती अगदी व्यवस्थित निघाली.

मी बी.कॉम. आहे, घरखर्चाची वही आजही लिहिते. आकडे जुळत नसले की मला झोप येत नाही. त्याच वहीच्या मागच्या पानावर मी तीन रकाने आखले: तारीख, जागा, आणि पुढे काय झालं. सुनेनं तिच्या पाळीची तारीखही चौथ्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. चौदा महिन्यांत अकरा नोंदी झाल्या. सात डाव्या काखेत, दोन उजव्या काखेत, दोन जांघेत. दंडावर, पाठीवर, मानेवर एकही नाही. अकरापैकी सात पाळीच्या आधीच्या आठवड्यात. आणि डाव्या काखेतल्या तीन नोंदी तर बरोबर त्याच भोकापाशी.

ही वही घेऊन आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. इतकी वर्षं हे सर्जनचं काम समजून आम्ही चुकीच्या दारात उभ्या होतो. बाईंनी वही वाचली, काखा बघितल्या, आणि रक्त-लघवीची एकही चिठ्ठी न लिहिता रोगाचं नाव सांगितलं: हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा. हा रोग ठरवणारी कुठलीच तपासणी नसते. डॉक्टर तीन गोष्टी बघतात. गाठी कशा आहेत, कुठे आहेत, आणि सहा महिन्यांत दोनदा किंवा अधिक वेळा आल्या का. आमच्या वहीत एका सहामाहीत पाच होत्या.

साधं गळू आणि हे यात फरक काय, ते बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. साधं गळू जंतूंमुळे होतं, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नावाच्या. ते केसाच्या मुळाशी कुठेही उठतं, मानेवर, मांडीवर, ढुंगणावर. काही दिवसांत पिकतं, वर पांढरं तोंड धरतं, फुटतं आणि भरून येतं. घरात एकाला झालं की दुसऱ्यालाही होऊ शकतं, म्हणून टॉवेल वेगळा ठेवायचा. सुनेच्या गाठींना मात्र तोंडच नसायचं. त्या खोल, कातडीखाली वाटाण्यासारख्या हाताला लागत आणि कित्येक दिवस नुसत्या ठणकत. हा रोग काख, जांघ, स्तनांखालची घडी, बैठकीची जागा अशाच ठिकाणी येतो, जिथे कातडीवर कातडी घासते. केसाच्या मुळाची नळी आत बुजते, फुगते आणि आतल्या आत फुटते. मग शरीराचीच संरक्षण यंत्रणा तिथे वणवा पेटवते. जंतू असलेच तर नंतर येतात. म्हणूनच पाच दिवसांच्या गोळ्यांनी काही होत नाही, आणि म्हणूनच तो दुसऱ्याला लागतही नाही. टॉवेलनं नाही, अंथरुणानं नाही, नवऱ्याला नाही. हे ऐकल्यावर सून तिथंच रडायला लागली.

आणखी दोन खुणा त्यांनी दाखवल्या, त्या तुम्हीही लक्षात ठेवा. एक म्हणजे जोडीनं असलेले काळे ठिपके, एकाच छिद्राला दोन डोळे असावेत तसे. दुसरी म्हणजे बोगदा. वारंवार फुटून दोन गाठी कातडीखालून एकमेकींना जोडल्या जातात आणि त्या वाटेनं स्राव येत राहतो. डाव्या काखेतलं ते भोक बोगद्याचं तोंड होतं. त्यामुळे तिचा रोग तीन पायऱ्यांपैकी दुसऱ्या पायरीवर गेला होता. पहिल्या पायरीवर नुसत्या गाठी असतात, तिसरीत सगळी काख बोगद्यांनी पोखरलेली असते.

नावाची एक गंमत. १८५४ साली व्हर्न्युई नावाच्या फ्रेंच सर्जननं हा घामाच्या ग्रंथींचा रोग समजून हे नाव दिलं. मूळ केसाच्या नळीत आहे हे पुढे कळलं, पण नाव तेच राहिलं. त्यामुळे आजही लोक घाम, मळ आणि अंघोळ यांतच अडकतात. मीही अडकलेच होते.

आता उपचार. सकाळ-संध्याकाळ लावायला क्लिंडामायसिनचं लोशन. धुवायला बेंझॉइल पेरॉक्साइड, आणि त्याबद्दल एक घरगुती इशारा: ते रंगीत कापडाचा रंग उडवतं. माझा जांभळा टॉवेल गेला, मग पांढरेच टॉवेल ठेवले. पोटात डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. एवढे दिवस का, तर इथे ते जंतू मारण्यापेक्षा दाह शमवायला दिलं जातं. गर्भार बाईला हे औषध चालत नाही, म्हणून बाईंनी आधी ते विचारून घेतलं.

इथे आपल्या घरांतले प्रश्न आले. कॅप्सूलचं वेष्टण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं. आम्ही विचारलं, तर गोळीच्या रूपातही मिळतं. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. आमच्याकडे सूर्यास्तानंतर पाणीही नाही. तेव्हा संध्याकाळची गोळी जेवणानंतर, दिवस असतानाच. हे उलट सोयीचंच पडलं, कारण झोपायला तीन-चार तास असतात. फक्त दूध आणि लोहाची गोळी तिच्याबरोबर घ्यायची नाही, औषध अंगी लागत नाही. पर्वाच्या दहा दिवसांत सुनेला एकाशन करायचं होतं. दिवसातून एकदाच पाणी घेऊन दोन गोळ्या कशा बसणार? आमच्या माताजींना विचारलं. त्यांनी सोळा भावनांतल्या शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तपाची आठवण करून दिली आणि यंदा रसत्याग कर म्हणाल्या. एका नातेवाईक बाईंनी मात्र "असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, भोगून संपवायचं" असं ऐकवलं. कर्म मीही मानते. पण त्या बाई गुडघे दुखले की गोळी घेतात, हेही मी पाहिलं आहे.

बोगदा गोळ्यांनी मिटत नाही. त्यासाठी छोटी शस्त्रक्रिया झाली, आणि ती आधीच्या चिऱ्यांपेक्षा वेगळी होती. नुसता चिरा दिला की पू जातो, ठणका थांबतो, पण पोकळी तशीच राहते, म्हणून गाठ जवळजवळ हमखास परत येते. इथे जागा बधिर करून भोकातून सळई आत घातली, बोगदा कुठवर जातो ते पाहिलं, आणि त्याचं वरचं छप्परच कापून टाकलं. तळ खरवडला आणि टाके न घालता जखम उघडी ठेवली, आतून भरत यावी म्हणून. रोज ड्रेसिंग मीच करायची. तीन आठवड्यांत भरली.

रोग मुळापासून गेलेला नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्थूलपणा आणि सिगारेट यांनी तो बळावतो, पण सून सडपातळ आहे आणि तिच्या माहेरी कुणी विडीला शिवत नाही. घराण्यात तो असू शकतो. तिच्या मावशीला "सारखी गळवं व्हायची" हे नंतर कळलं. औषधांनी आटोक्यात आलं नाही तर अडालिमुमाब नावाचं इंजेक्शन असतं, ते सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करावीच लागते. सुनेला अजून त्याची गरज पडलेली नाही. घट्ट ब्लाउज सोडून ती सुती, सैल बाह्यांचे घालते, आणि काखेत रेझर फिरवत नाही.

पहिल्यांदाच एखादं गळू आलं म्हणून कुणी घाबरू नये. शेक द्या, पिळू नका. ताप आला किंवा लाली पसरत चालली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पण तीच जागा पुन्हा पुन्हा असेल तर तारखा लिहायला लागा आणि थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आपल्या कोल्हापुरात सीपीआरमध्येही त्वचारोग विभाग आहे, पैशाची अडचण असेल तर तिथे जाता येतं.

शस्त्रक्रियेनंतरच्या दहा महिन्यांत वहीत दोनच नोंदी आहेत, दोन्ही जांघेतल्या, दोन्ही लहान. परवाच्या चतुर्दशीला सून कलश घेऊन माझ्या पुढे उभी होती. मी मागून पाहिलं, दोन्ही हात वर होते.