नाना पाटील तलाठी असताना

पुढाऱ्यांची चरित्रे वाचताना एक गंमत नेहमी आढळते. जन्म, बालपण, शाळा हे सारे पहिल्या दोन पानांत आटोपते आणि तिसऱ्या पानावर चरित्रनायक तुरुंगात जाऊन बसतो. मधली दहा वर्षे हा गृहस्थ पोटासाठी काय करीत होता, ते एका वाक्यात उरकलेले असते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या बाबतीतही तसेच झाले आहे. ‘ते काही काळ तलाठी होते, 1930 साली त्यांनी नोकरी सोडली.’ बस्स! त्यानंतर भूमिगत जीवन, प्रतिसरकार आणि टाळ्या.

मी वाळवे तालुक्यातल्या मातीत वाढलो. लहानपणापासून तलाठ्याची चावडी पाहिली, म्हणून हे वाक्य मला फार लहान वाटते. तलाठी म्हणजे काय असतो, हे ज्याला ठाऊक आहे तो या वाक्यापाशी थबकलाच पाहिजे.

नानांचा जन्म 1900 सालचा, गाव येडे मच्छिंद्र. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पण नानांच्या तरुणपणी सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते आणि वाळवे तालुका इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात मोडत होता. 1949 साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा नानांच्या नोकरीचा माग काढणारा सांगलीच्या जुन्या दप्तरांत शिरला तर रिकाम्या हातानेच परत यायचा. त्याने साताऱ्याचा रस्ता धरला पाहिजे. दुसरी अडचण नावाची. घराण्याचे मूळ आडनाव पिसाळ, पाटील हे पाटीलकीवरून आलेले. एकाच माणसाची दोन नावे दप्तरात दोन माणसे होऊन बसतात.

आणि दप्तर कोणते पाहायचे? नेमणुकीचा हुकूम मिळाला तर उत्तमच. पण तलाठ्याचा खरा ठसा राहतो तो गावच्या फेरफार-वहीत. प्रत्येक नोंद तलाठी स्वतःच्या हाताने लिही आणि खाली सही करी. कोणत्या वर्षी कोणत्या सज्जात कोणाची लेखणी चालत होती, हे अक्षरावरून आणि सहीवरून कळते. दोन नोंदींमध्ये अक्षर बदलले की समजावे, तलाठी बदलला.

आता, पाटलाच्या घरचा मुलगा तलाठी झाला यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. विशेष आहे. पिढ्यान्‌पिढ्या गावचे लिखाण वतनदार कुलकर्ण्याच्या घरात होते. वतनाच्या जागी पगारी तलाठी यावा, ही सत्यशोधकांची मोठी मागणी होती. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतने काढून टाकली. इंग्रजी मुलखातही याच सुमारास वतने मोडून पगारी तलाठी नेमण्याचे काम चालू होते. त्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्या शेतकऱ्याच्या पोराला चावडीतल्या गादीवर बसता येऊ लागले. नानांच्या हाती लेखणी आली ती या उघडलेल्या दारातून. सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर जो प्रभाव होता, त्याचे मूळ नुसत्या व्याख्यानांत शोधू नये.

या लेखणीने तलाठ्याला काय दिसे? एक उदाहरण घेऊ. समजा, कोणी धोंडिबा आहे. मुलीच्या लग्नासाठी त्याने सावकाराकडून पैसे उचलले. सावकार शहाणा, तो साधे गहाण लिहून घेत नाही, मुदत-खरेदी लिहून घेतो. म्हणजे कागदावर जमीन विकली. ठरल्या मुदतीत पैसे फेडले तर ती परत मिळायची. दस्त झाला की तलाठ्याने फेरफार-वहीत नोंद घालायची, दोन्ही पक्षांना नोटीस द्यायची, हरकतीची वाट पाहायची. हरकत आली नाही की सर्कल येऊन नोंद मंजूर करी आणि सातबाऱ्यावरच्या सात नंबरात धोंडिबाचे नाव जाऊन सावकाराचे नाव लागे.

पुढे पीकपाहणीला तलाठी बांधावर जातो. बारा नंबरात लिहायचे असते, जमीन कसते कोण आणि पीक कोणते. पाहतो तो तोच धोंडिबा, त्याच बैलांनी तेच शेत नांगरतो आहे. फक्त आता तो स्वतःच्याच जमिनीत कूळ झालेला. सात नंबरात एक नाव, बारा नंबरात दुसरे, आणि मध्ये एका लग्नाचा खर्च! मुंबईचा गव्हर्नर, साताऱ्याचा कलेक्टर यांना हे दिसायचे नाही. ते दिसायचे फक्त तलाठ्याला, कारण दोन्ही रकाने तोच भरी.

शिवाय सारा वसूल करायचा तोही त्यानेच. पीक बुडाले की आणेवारीचा वाद. सहा आण्यांच्या खाली उतरली तर निम्मा सारा तहकूब, चाराच्या खाली गेली तर सगळा. म्हणजे एका आण्याच्या अंदाजावर गावाचे वर्ष अवलंबून. हे सारे पाहून आणि लिहून नानांनी 1930 साली, कायदेभंगाच्या वर्षी, नोकरी सोडली.

आता पुढचा इतिहास ताडून पाहा. 1943 ते 1946 या काळात सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालले. त्याने न्यायदान मंडळे काढली. तेथे जमिनीचे आणि देण्याघेण्याचे तंटे गावातच मिटवले जात. सावकाराला वचक बसवला, थोडक्या खर्चात गांधी-विवाह लावले. कर्ज, जमीन आणि लग्नाचा खर्च! धोंडिबाच्या सातबाऱ्यात ज्या तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या, त्याच तिन्हींना या सरकारने हात घातला.

पण येथे लेखणी जरा आवरली पाहिजे. प्रतिसरकार हे एकट्या नानांचे काम नव्हते. जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर यांच्यासारख्यांनी ते उभे केले आणि चालवले. त्यांपैकी कोणाला तलाठी व्हावे लागले नव्हते. खेड्यातला प्रत्येक शहाणा माणूस धोंडिबाची गोष्ट जाणत होता. तेव्हा ‘तलाठी होते म्हणून प्रतिसरकार निघाले’ असे म्हणणे बालिशपणाचे होईल. माझे म्हणणे एवढेच, की इतरांना जी गोष्ट ऐकून ठाऊक होती, ती नानांनी आपल्या हाताने सरकारी वहीत लिहिली होती. राज्याचा कागद कसा तयार होतो आणि तो कोणाच्या बाजूने बोलतो, हे त्यांना आतून कळले होते.

नाना पुढे 1957 साली साताऱ्यातून आणि 1967 साली बीडमधून लोकसभेवर गेले. 1976 साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या रांगड्या भाषणांच्या आठवणी आजही निघतात. सभेत त्यांचे बोलणे शेतकऱ्याला आपले वाटे, याचे श्रेय आपण त्यांच्या पहाडी आवाजाला देतो. थोडे श्रेय पीकपाहणीलाही द्यावे. सभेला बसलेल्या माणसांच्या बांधावर हा वक्ता पूर्वी वही घेऊन जाऊन आलेला होता.