कुठल्या तासाचं?

अण्णांच्या निरोप समारंभात बोलायला मला सांगितलं ते आठ दिवस आधी. कार्मिक विभागाने एक मसुदाही दिला होता. त्यात प्रामाणिक, मेहनती, मनमिळाऊ, वक्तशीर असे सगळे शब्द होते आणि त्यातला एकही खोटा नव्हता. पण वरचं नाव बदललं तर तेच भाषण दुसऱ्या कुणालाही चाललं असतं. अण्णा 37 वर्षं आमच्या फाउंड्रीत होते. उद्यमनगरातल्या एका छोट्या कारखान्यात हाताने साचे भरायला शिकून 1986 साली ते शिरोली एमआयडीसीत आले, कपोला भट्टीवर काम केलं, मग इंडक्शन फर्नेस आली, मोल्डिंगची मशिनं आली, आणि शेवटची वीस वर्षं ते मोल्डिंगचे सुपरवायझर होते. अशा माणसाला वक्तशीर म्हणून निरोप द्यायचं माझ्या जिवावर आलं. मी मसुदा बाजूला ठेवला आणि एकाच उन्हाळ्याची गोष्ट सांगायचं ठरवलं.

समारंभ कँटीनमध्ये होता. दुसरी पाळी थोडा वेळ थांबवली होती, त्यामुळे पोरं कामाच्या कपड्यातच आली होती, मानेवर कोलडस्टची काळी रेघ तशीच. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. शाल, श्रीफळ झालं आणि माझं नाव पुकारलं.

मी 2014 च्या एप्रिलपासून सुरुवात केली.

त्या महिन्यात आमच्या बेअरिंग हाउसिंगचं रिजेक्शन एकदम वाढलं. एरवी शंभरात तीन-चार नग जायचे, ते अकरावर गेले. वाईट हे, की दोष आमच्याकडे दिसायचाच नाही. फेटलिंग होऊन, रंग लागून नग स्वच्छ जायचा. गिऱ्हाइकाच्या लेथवर वरची दोन मिलिमीटर कातडी निघाली, की खाली भोकं. वाटाण्याएवढी, आतून गुळगुळीत, चकचकीत. हे ब्लो होल. रस ओतताना कुठून तरी गॅस आला, त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, आणि तो लोखंडातच अडकून राहिला. एवढं भोक पाहून कळतं. पण गॅस कुठून आला, हे भोक सांगत नाही. कोअरमधून येऊ शकतो, ओल्या लॅडलमधून येऊ शकतो, वाळूतून येऊ शकतो, रस थंड असला तरी तो अडकू शकतो.

मी तेव्हा क्वालिटीत नवा होतो. रोज सकाळी मीटिंग व्हायची आणि त्यात एकच प्रश्न असायचा, कोणामुळे झालं? मेल्टिंगवाले म्हणायचे वाळू ओली आहे. वाळूवाले म्हणायचे रस थंड आहे. चौथ्या दिवशी सगळ्यांची बोटं सँड प्लँटवरच्या मिक्सर ऑपरेटरकडे वळली. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, वर्ष झालं होतं लागून. पाण्याचा व्हॉल्व्ह त्याच्या हातात, म्हणून चूक त्याची. त्याला कामावरून कमी करायचं जवळजवळ ठरलंच होतं.

अण्णा त्या मीटिंगमध्ये एवढंच म्हणाले, "कुणी केलं ते ऱ्हाऊ दे. कवाचं हाय ते बघा आधी."

हे त्यांना विचारता आलं, कारण त्याची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती. प्रत्येक नगावर तारीख तर असतेच. अण्णांनी तासही घालायला लावला होता. मी कामाला लागलो त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आठ छोटे पितळी ठसे करून घेतले होते: क, ख, ग, घ, च, छ, ज, झ. सात ते आठ क, आठ ते नऊ ख, असं पाळीच्या आठ तासांना आठ अक्षरं. बॉक्स बंद करायच्या आधी, जिथे मशिनिंग होत नाही अशा जागी मोल्डरने वाळूत ठसा दाबायचा. नगावर अक्षर उठून यायचं. पहिले ठसे कोरणाऱ्याने रबरी शिक्क्यासारखे उलटे कोरले होते, तर नगावर अक्षरंही उलटी आली. साच्यात आधीच एकदा उलटं होतं, म्हणून ठसा सुलट लागतो. ते आठही उलटे ठसे अण्णांनी टेबलाच्या खणात जपून ठेवलेत. नवीन पोरगा आला की त्याच्या हातात देऊन विचारायचे, यात काय चुकलंय सांग.

गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या नगांचा टेम्पो उतरला तेव्हा अण्णांनी मला हाक मारली. 61 नग होते. आम्ही दोघांनी ते अंगणात अक्षरांप्रमाणे ओळीने मांडले. ऊन रणरणत होतं, नग हाताला चटके देत होते. मांडून झाल्यावर अण्णा काही बोलले नाहीत, नुसते बाजूला उभे राहिले. क, ख, ग या तीन ओळींत मिळून 3 नग होते. छ, ज, झ या शेवटच्या तीन ओळींत 44. मधल्या दोन ओळी चढत गेलेल्या. जमिनीवर जणू एक जिनाच दिसत होता. मिक्सरवर तोच पोरगा, भट्टीवर तीच माणसं, रसाचं तापमान दिवसभर सारखंच. मग सकाळपासून दुपारपर्यंत वाढत जाणारं असं काय होतं?

अण्णा मला मशिनच्या हॉपरखाली घेऊन गेले. मूठभर वाळू घेतली, दाबली, मूठ उघडली. तळहातावर बोटांचे ठसे असलेला लाडू. तो त्यांनी दोन्ही हातांनी मोडला. चांगली वाळू मोडताना कडा स्वच्छ राहते आणि हाताला ओल लागत नाही. हिची कडा भुरभुरली, आणि तरी मध्ये एक ओला गोळा निघाला. एकाच मुठीत कोरडी पण आणि ओली पण. "हात लाव," म्हणाले. वाळू गरम होती. थर्मामीटर खुपसला तर 61 अंश. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तीच मोजली, 34.

साच्याची वाळू दिवसभर फिरत असते. रस ओतला, नग थिजला, बॉक्स झटकून वाळू मोकळी केली, की ती पट्ट्यावरून परत मिक्सरला. तिथे बेंटोनाइट, कोलडस्ट आणि पाणी घालून पुन्हा मशिनवर. एका पाळीत तीच वाळू तीन-चार फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत लोखंडाची उष्णता घेऊन येते. साधारण पन्नास अंशांच्या पुढे गेली की तिचा भरवसा राहत नाही. मिक्सरमधून बरोबर ओल घेऊन निघालेली वाळू मशिनपर्यंत पोचेस्तोवर वाळते. मोल्डर ओरडतो, साचे फुटतात, पाणी वाढव. पोरगा व्हॉल्व्ह फिरवतो. पण गरम वाळूत बेंटोनाइटला पाणी नीट भिनत नाही, काही दाणे कोरडे राहतात आणि कुठे तरी ओला गोळा जमतो. त्या गोळ्याला रस लागला की वाफ. तेच आमचं भोक.

म्हणजे पोरगा मागितलं तेवढंच पाणी देत होता.

पण वाळू याच एप्रिलमध्ये का तापली? उन्हाळा तर दरवर्षीचा. त्याचं उत्तर अण्णांच्या डायरीत निघालं. मार्चच्या शेवटी आम्ही एका जड हबचं काम घेतलं होतं आणि नवे बॉक्स करायचा खर्च नको म्हणून ते हाउसिंगच्याच बॉक्समध्ये बसवलं होतं. बॉक्समध्ये वाळू 60 किलो. हाउसिंगचा रस 9 किलो, हबचा 16. म्हणजे एक किलो लोखंडाला आधी साडेसहा किलोच्या वर वाळू होती, ती पावणेचारवर आली. तेवढ्याच वाळूवर जवळजवळ दुप्पट उष्णता. हब सकाळी लागायचे, त्यांनी वाळू तापवून ठेवायची, आणि त्याच वाळूत दुपारी हाउसिंग भरलं जायचं. ज्या नगावर दोष दिसत होता तो नग दोषी नव्हताच.

हे सांगताना कँटीन अगदी शांत होतं. सगळ्यांना ही गोष्ट तुकड्यातुकड्याने माहीत होती, पूर्ण कुणी सांगितली नव्हती.

उपायही अण्णांनीच बसवला. नवं मशिन मागितलं नाही. हब आणि हाउसिंग एकाआड एक लावायला सांगितलं, म्हणजे सरासरी किलोला पावणेपाचच्या आसपास वाळू मिळाली. आणि परतीच्या पट्ट्यावर पाण्याचा बारीक फवारा बसवला. एक टन वाळूतून दहा लिटर पाणी वाफ होऊन गेलं, की वाळू साधारण पंचवीस अंशांनी उतरते. जूनमध्ये रिजेक्शन पुन्हा चारच्या आत आलं. पुढच्या वर्षी हबचे मोठे बॉक्स झाले.

मला जे सांगायचं होतं ते मी इथे सांगितलं. अण्णांनी आमची किती टनांची बचत केली याचा हिशोब ऑफिसकडे आहे. पण त्या दिवसापासून आमच्या सकाळच्या मीटिंगमधला पहिला प्रश्न बदलला. आजही नग परत आला की आम्ही आधी अक्षर बघतो. माणसाचं नाव त्यानंतर येतं, आणि बऱ्याचदा येतच नाही. तो मिक्सरवरचा पोरगा आज सँड प्लँटचा इनचार्ज आहे. तो मागे भिंतीला टेकून उभा होता. मी त्याचं नाव घेतलं नाही, पण सगळे वळून त्याच्याकडे बघू लागले, आणि त्याने खाली बघत डोळे पुसले. वहिनी शेजारच्या बाईंना हळूच म्हणाल्या, "हे तर आम्हाला घरी कधी बोललेच नाहीत."

टाळ्या झाल्या. मी खाली उतरलो, अण्णांच्या पाया पडलो. त्यांनी माझा खांदा धरून मला जवळ ओढलं. मला वाटलं आशीर्वाद देतायत. ते कानात म्हणाले, "चांगलं बोललास लेका. पण फवाऱ्याचं अर्धंच सांगितलंस. वरनं हवा खेळली पायजे. वाफ जायला वाट नसली तर पाणी तसंच वाळूत ऱ्हातंय आणि पुन्हा चिखल. नवी पोरं हायत हितं, निम्मंच ऐकून जातील."

मी परत माइकपाशी गेलो. "अजून एक सांगायचं राहिलं," म्हणालो, आणि पट्ट्यावर फवाऱ्याच्या पुढे जो पंखा आणि धुराडं आहे, ते कशासाठी बसवलंय आणि बंद पडलं तर आधी पाणी का थांबवायचं, ते सांगितलं. अण्णा पहिल्या रांगेत शाल मांडीवर घेऊन ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी मान हलवली, आणि मग मी माइक खाली ठेवला.