सोसेकींच्या नावावरचा चंद्र

१/ जपानी शिकणाऱ्या एका तरुणीने आपल्या नियोजित वराला लिहिलेल्या पत्राचा शेवट एका वाक्याने केला होता : 'चंद्र सुंदर दिसतो आहे, नाही?' खाली नाव होते, नात्सुमे सोसेकी. त्यामागची कथा तिने समाजमाध्यमांवर अनेकदा वाचली होती. वर्गात एका विद्यार्थ्याने 'आय लव्ह यू'चे शब्दशः भाषांतर केले. तेव्हा सोसेकी म्हणाले, जपानी माणूस असे बोलत नाही. चंद्राविषयी बोला, भाव आपोआप पोहोचेल. पत्र पाठवण्यापूर्वी तिने मूळ शोधायचे ठरवले.

२/ कथा अशक्य नव्हती. सोसेकी (१८६७–१९१६) खरोखरच इंग्रजीचे अध्यापक होते. मात्सुयामा, कुमामोतो आणि लंडनहून परतल्यावर तोक्यो येथे त्यांनी शिकवले. पण एखादी गोष्ट घडण्याजोगी असणे आणि ती घडलेली असणे यांत अंतर असते.

३/ सोसेकींचे लेखन, पत्रे आणि रोजनिशा समग्र वाङ्मयात छापलेल्या आहेत. त्यांत हे वाक्य किंवा हा प्रसंग अभ्यासकांना सापडलेला नाही.

४/ मग शोध उलट दिशेने करावा लागतो : ही कथा छापील रूपात प्रथम कधी दिसते? आजवर हाती आलेले जुने उल्लेख १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातले आहेत, म्हणजे सोसेकींच्या मृत्यूनंतर सुमारे साठ वर्षांनंतरचे. शिवाय तेथे चंद्र 'सुंदर' नाही, तर 'फार निळा' आहे. असाच निळा चंद्र १९५५ सालच्या एका लोकप्रिय जपानी गीतात होता. गीताचा रंग कथेला लागला, हे सिद्ध करता येत नाही. मात्र शब्द असे बदलत असतील, तर कथा ग्रंथातून नव्हे, तोंडातोंडी आली असण्याचा संभव वाढतो.

५/ या कथेच्या जोडीला फुताबातेई शिमेई यांचे नाव येते. त्यांनी म्हणे 'आय लव्ह यू'साठी 'मरण आले तरी चालेल' अशा अर्थाचे शब्द योजले. येथे मात्र ग्रंथ आहे : तुर्गेन्येव यांच्या 'आस्या'चा १८९६चा जपानी अनुवाद. त्यात ते शब्द खरोखर आहेत. पण मूळ रशियन उघडले, की नायिका केवळ 'तुमची' एवढेच म्हणते. लेखक खरा, शब्द खरे. इंग्रजी वाक्य मात्र मागाहून चिकटलेले.

६/ न नोंदलेले बोलणे कुणीच बोलले नसेल, असे म्हणता येत नाही. म्हणून तरुणीने निकाल बेताचाच दिला. आज जपानमध्ये त्या वाक्याचा अर्थ प्रेमाची कबुली असाच घेतला जातो, म्हणून वाक्य तिने राहू दिले. सोसेकींचे नाव खोडले आणि त्याजागी स्वतःचे लिहिले.